टोकापर्यंतचा गज

वाद्यवृंदातली दुसऱ्या व्हायोलिन-गटाची रांग बाईंच्या हुकमात होती. गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर, हे पहिल्या खुर्चीवरून बाई ठरवणार आणि बाकीच्यांनी ते आपापल्या स्वरलिपीच्या कागदावर पेन्सिलीनं उतरवून घेणार. एखाद्याचा गज उलटा गेला की बाई नुसत्या बघायच्या, आणि त्या बिचाऱ्याला पळता भुई थोडी व्हायची.

नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. बाईंची म्हणून होती ती एवढी एक खुर्ची. आणि नेमकं जिन्यावरून पडून उजवं कोपर मोडावं! हाड जुळलं, पण हात सरळ होईना. गज अर्ध्यावर आला की कोपर अडायचं. हे कळलं तर खुर्ची जाणार, म्हणून बाईंनी तोंडाला कुलूप लावलं.

पुढच्या कार्यक्रमाची रचना संथ होती. आठ-आठ सुरांवर एकेक लांब कमान काढलेली, म्हणजे ते सगळे सूर एकाच गजात. बाईंनी प्रत्येक कमान मधोमध तोडली. चार सूर खाली, चार वर. आता गज अर्ध्यापुढे जायलाच नको. रांगेनं मुकाट्यानं उतरवून घेतलं.

तालीम संपल्यावर नुकतीच आलेली विद्यार्थिनी मागे राहिली. "बाई, कमान का तोडली? गज पुरत नाही म्हणून?"

"पुरतो की. तू पहिल्याच सुरावर अर्धा उधळतेस. वाटून घे. चौथा सूर संपताना मध्यावर, आठवा संपताना टोकावर."

"आणि इथे कमानीखाली ठिपके आहेत ते?"

"गजाची दिशा तीच, फक्त प्रत्येक सुरानंतर किंचित थांबायचं. कमान नसेल आणि ठिपका असेल, तर दर सुराला गज बदलून तोकडं वाजवायचं. आडवी रेघ असली की सूर पुरता धरायचा, मधेच सोडायचा नाही."

"मग आठ सूर एकदा दाखवा ना."

शिकवण्याच्या भरात बाईंनी गज लावलासुद्धा. चार सूर झाले. पाचव्याला गज जागीच थांबला. पोरीनं आधी गजाकडे पाहिलं, मग कोपराकडे.

"मी कुणाला सांगणार नाही," ती हळूच म्हणाली.

बाईंना ती कीव फार लागली. पोर आपल्यासाठी आयुष्यभर तुटक वाजवायला तयार झाली होती. आणि तिला हे शिकवलं कुणी?

"खोडरबर आण," बाई म्हणाल्या.

दोघींनी रांगेतल्या सगळ्या कागदांवरच्या खुणा पुसल्या आणि कमानी पुन्हा सांधल्या. मग बाई स्वतःच कोपराचं सांगायला वाद्यवृंदाच्या संचालकांच्या खोलीत गेल्या.

कार्यक्रमाला त्या श्रोत्यांत मागे बसल्या. आठ सूर वाजले, आणि सगळे गज एकदमच टोकाला पोचले. बाईंना अभिमान वाटला. त्यांचा उजवा हात नकळत मांडीवरून निघाला होता, तो अर्ध्यावर अडला. डाव्या हातानं धरून त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.