महांतअप्पांच्या पाच खुर्च्या

रोहिणीने महांतअप्पांना पहिल्यांदा पाहिलं नाही, ऐकलं. बीडच्या बसस्टँडवर उतरून ती नगर रोडने चालत होती, आणि कुणीतरी "हॅलो परभणी" असं इतक्या ताकदीने म्हणालं की रसवंतीच्या बैलाने घुंगरं थांबवून कान टवकारले. ते हॅलो दुसऱ्या मजल्यावरच्या, खिडक्या बंद असलेल्या ऑफिसातून येत होतं. परभणीला ते फोनविनाच पोचलं असावं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. अप्पांनी अठ्ठावीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजात काढली होती, आणि त्या काळातल्या तारांवर त्यांचा अजूनही भरवसा नव्हता.

वर गेल्यावर मुलाखत झाली ती अशी. अप्पांनी तिचा कॉम्प्युटर कोर्सचा दाखला वाचलाच नाही. खिशातून वाटीएवढं घड्याळ काढलं, टेबलावर पालथं घातलं आणि म्हणाले, "एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर कर, बाळ."

रोहिणीने हात वर केला.

"बावीस सेकंद," अप्पा म्हणाले. "फोन करणाऱ्या माणसाचंबी असंच असतंय. फोन वाजत ऱ्हायला की त्याच्या एका मिनिटाची तीन होत्यात. सोमवारपास्नं ये."

मालक कल्याणरावांच्या त्या कंपनीने एका मोठ्या पतसंस्थेच्या एकशेचाळीस शाखांना कॉम्प्युटर बसवून दिले होते. सन दोन हजार एक होतं. शाखेत मशीन अडलं की कारकून बीडला फोन करायचा. आलेल्या प्रत्येक अडचणीची नंबर घातलेली चिठ्ठी व्हायची, तिला कंपनीच्या पुस्तकात तिकीट म्हणत. ("तिकीट कशाला फाडता, मी कुठं मांजरसुंब्याला चाललोय," असं धारूरचा एक कारकून दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा.) फोनवर पाच जण बसत: रामेश्वर, दोन जुन्या मुली, शिवकन्या, आणि सगळ्यात शेवटी लागलेली रोहिणी. अप्पा सहावे, देखरेखीला.

पतसंस्थेशी करार होता त्यात एक अट होती. शंभरातले ऐंशी फोन एका मिनिटाच्या आत उचलले गेले पाहिजेत. लागोपाठ दोन महिने चुकलं तर करार संपला. कोण किती वेळ ताटकळला हे फोनच्या तारा जिथे येत त्या भिंतीवरच्या डब्याला जोडलेला छोटा प्रिंटर छापायचा, त्यामुळे थापा मारायची सोय नव्हती.

रोहिणीचं घर लिंबागणेशला. आई-वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. तोडीला जोडी लागते, नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकते. तिची आई छबुबाई हिची कंबर दोन हंगामांपूर्वीच गेली होती. रोहिणीला नोकरी लागली तेव्हा घरात ठरलं, यंदा बाप एकटाच गावच्या गवंड्याच्या हाताखाली जाईल, आई घरी राहील. नोकरी गेली तर जोडी पुन्हा निघणार होती. रोहिणीने हे ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांना मात्र एकदा डबा खाताना सांगून टाकलं. अप्पांनी भाकरीचा घास चावला आणि विषय बदलला.

सप्टेंबरातल्या एका दुपारी अडीचच्या सुमारास कल्याणराव अचानक ऑफिसात आले. एक फोन चालू होता. रामेश्वर पंख्याखाली पेपर वाचत होता, शिवकन्या चुरमुऱ्यांत कांदा कालवत होती. कल्याणराव आत गेले आणि पंधरा मिनिटांनी अप्पांना हाक मारली. दार उघडंच होतं.

"अप्पा, दिवसाला फोन किती?"

"एकशेसाठ."

"एकाला वेळ किती?"

"सहा मिनिटं."

"तिकिटावर तर चार लिहिलंय."

"चार बोलायचं. पुढचं दोन तिकीट लिहायचं. तवा तो माणूस दुसरा फोन घेऊ शकत न्हाई, मग ते वेळेत धरायचं न्हाई का?"

"बरं, सहा. तुमचंच धरतो. एकशेसाठ सक नऊशेसाठ मिनिटं. एक माणूस आठ तास, म्हणजे चारशेऐंशी. दोन माणसं झाली, अप्पा. माझ्याकडून एक वर. तीन. मग पाच काहून बसवलेत? चुरमुरे खायला?"

बाहेर रोहिणी आणि शिवकन्या एकमेकींकडे बघत नव्हत्या. शेवटी लागलेल्या त्या दोघीच होत्या, आणि कुणाचं नाव निघणार हे समजायला गुणाकार लागत नव्हता.

"मला तीन दिवस द्या," अप्पा म्हणाले.

"कशाला?"

"तुमचा गुणाकार बरोबर हाय. फोनला तो ठाऊक न्हाई, एवढंच."

पुढचे तीन दिवस अप्पा प्रिंटरच्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडत बसले. तासाला किती फोन आले ते त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. दहा ते अकरा, शाखा उघडून मशीन सुरू करताना, तीस. मग वीस, पंधरा, पंधरा. जेवणाच्या वेळी दहा. पुन्हा पंधरा, पंचवीस, आणि पाच ते सहा, दिवसाचं काम बंद करताना, तीस. बेरीज एकशेसाठच होती. कल्याणरावांनी पाहिलेला अडीचचा तास नेमका दहावाला होता.

गुरुवारी अप्पा पिशवीभर चिंचोके घेऊन आले. कल्याणरावांच्या टेबलावरची काच त्यांनी फडक्याने पुसली आणि खडूने तीन चौकोन काढले.

"हे काय, अप्पा? पोरी खेळतात तसं?"

"बसा की मालक. हा सोमवारचा दहा ते अकराचा कागद. तीस फोन, सरासरी सहा मिनिटांनी धरले तर एकशेऐंशी मिनिटांचं काम. माणसं तीन, त्यांचीबी एकशेऐंशी मिनिटं. काट्यावर काटा. रोहिणी, तू वाच."

रोहिणीने कागद धरला. "दहा वाजून एक. तीन मिनिटं. दहा वाजून एक. नऊ मिनिटं."

फोन आला की अप्पा चिंचोका चौकोनात ठेवायचे, त्याची मिनिटं संपली की उचलायचे. तिन्ही चौकोन भरलेले असले की नवा चिंचोका बाहेर रांगेत. दहा वाजून सहापर्यंत रांगेत दोन होते. दहा तेराला तिन्ही चौकोन मोकळे झाले.

"बघा," कल्याणराव म्हणाले. "तिघंही मोकळे."

"व्हय. आता ही तीन मिनिटं मोकळी गेली. ही डब्यात भरून साडेदहाला वापरता येतील का?"

रोहिणी वाचत राहिली. दहा सोळाला चार फोन एकदम आले. त्यातला एक वीस मिनिटांचा होता, गेवराई शाखेचा, ज्यात शनिवारचं काम बंद होत नव्हतं. एक चौकोन तिथेच अडकला. दहा चाळीसला रांगेत पाच, अकराला सात. सातवा चिंचोका काचेच्या कडेला आला.

"एका मिनिटाच्या आत किती?" कल्याणरावांनी विचारलं.

"तिसातले नऊ."

अप्पांनी चौथा चौकोन काढला. पुन्हा पहिल्यापासून तोच कागद. सतरा. मग पाचवा. रोहिणीचा घसा कोरडा पडला होता, पण अप्पांनी तिला पाणी प्यायला थांबू दिलं नाही. शेवटचा चिंचोका उचलला तेव्हा तिने मोजलं.

"पंचवीस."

"शंभरात त्र्याऐंशी झाले," अप्पा म्हणाले. "आमच्या एक्सचेंजात याचे तक्ते असायचे, तेबी हेच सांगत्यात. माणसं कामाएवढीच ठेवली की रांग संपतच न्हाई. मधे थोडं कुणीतरी मोकळं बसावंच लागतं. ते मोकळं बसणं फुकट न्हाई, तेच एका मिनिटाची किंमत हाय."

"आणि दुपारी?"

"दुपारी तीन पुरतात. दोघंदोघं जेवून घेत्यात. तुमी आलात तवा तेच चाललं हुतं. पण सकाळी एक तास आन् संध्याकाळी दोन तास येणारं माणूस बीडात मिळत असलं तर आणा, मी ठेवतो."

कल्याणरावांनी काचेवरचे चौकोन बोटाने पुसले. ते वाईट माणूस नव्हते. दिवाळीला ते सगळ्यांना घरी बोलावून पुरणपोळी वाढायचे, आणि वाढताना कोण किती खातं हे बघायचे, इतकंच.

"पाच म्हणता, तर पाच," ते म्हणाले. "करार मलाही टिकवायचाय. पण माझ्याकडं पगार पाचच. सहावा नाही. तुमी एका फोनवर बसा, अप्पा. म्हणजे पाच झाले. शेवटी लागलेली एक कमी होईल."

रोहिणीने प्रिंटरच्या कागदाची गुंडाळी करायला घेतली. ती नीट होईना.

अप्पांनी चिंचोके एकेक करून पिशवीत टाकले. शेवटचा टाकून म्हणाले, "मला ऐकू कमी येतं, मालक. दहा मिनिटाचं काम बारा मिनिटाला जाईल. मग पाचाला सहा लागतील."

"तुमाला? ऐकू कमी?"

"अठ्ठावीस वर्षं कानाला हेडफोन हुता."

खोटं होतं ते. शेजारच्या खोलीत शिवकन्या हळू आवाजात काय बोलते, हे अप्पांना बसल्या जागी कळायचं. रोहिणीला ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती गप्प बसली.

"पेन्शन हाय मला," अप्पा दाराशी जाऊन म्हणाले. "रामेश्वरला देखरेख शिकवलीय. तो फोनवर बसूनच करील. महिनाअखेरीला मी जातो."

जिन्यात रोहिणीने त्यांना गाठलं.

"अप्पा, तुमी माझ्यामुळं करताव का?"

"तुझ्यामुळं कशाला? हिशोबात पाच आले, सहा न्हाई आले." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "तुझी आय कंबरेला काय लावती?"

"काय न्हाई. शेक घेती."

"कपिलधारच्या वाटेवर एक वैद्य बसतो, सोमवारचा. दाखव एकदा." आणि ते खाली गेले.

ऑक्टोबरात पतसंस्थेच्या कागदावर त्र्याऐंशी आलं, नोव्हेंबरात ब्याऐंशी. छबुबाई त्या हंगामाला घरी राहिली. गावातल्या बाकीच्या गाड्या निघाल्या तेव्हा ती ओट्यावर उभी राहून बघत होती, असं रोहिणीला शेजारणीकडून कळलं; ती स्वतः तेव्हा फोनवर होती.

पुढच्या जूनमध्ये पतसंस्थेने हे काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं आणि बीडचं ऑफिस बंद झालं. दसऱ्यानंतर छबुबाई तोडीला गेली.