बारावी वर्गणी

आमच्या टोळीच्या मुकादमांनी मला सांभाळलं, हे आधी सांगतो. मी त्यांचं काय केलं ते मागाहून.

कल्याणच्या पुढे रूळ दुरुस्त करताना माझ्या उजव्या हाताची बोटं चिरडली. घर दूर रत्नागिरीकडे, शाळा दुसरीतच सुटलेली. पोट त्या हातावरच. कामगारांच्या मदत फंडासाठी दरमहा पगारातून वर्गणी कापत. बारा वर्गण्या भरल्यावर इजा झाली आणि डॉक्टरांचा दाखला मिळाला, तर दोन आठवड्यांनी अर्धा पगार सुरू होई. माझ्या अकराच झालेल्या.

मुकादम म्हणाले, "अरे, महिनाभर डाव्या हातात बावटा धर. बारावी कापली की दवाखान्यात जा. हात गेला तरी तोंड आहे ना? ते तेवढं मिटून ठेव!"

महिन्याने डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली. "हाड वाकडं जुळलंय. ही जखम महिन्याची आहे. तेव्हाच आला असतास तर बोटं वाचली असती." मग विचारलं, "मुकादमाला माहीत होतं?"

मी घाबरून "होय, साहेब" म्हणालो.

दाखल्यावर खरा काळ लिहिला गेला. इजा बाराव्या वर्गणीच्या आधीची, म्हणून फंडाने अर्ज नाकारला. इजा लपवायला लावली म्हणून मुकादमांची मुकादमी गेली. ते पुन्हा फावडं घेऊन टोळीत उभे राहिले. मला एवढंच म्हणाले, "तोंडही गेलं वाटतं रे?" आणि माझ्या वाट्याची खडीसुद्धा ओढू लागले.

आता त्यांचेही हात थकलेत. त्यांच्या हातून फावडं सुटेल त्या दिवशी त्यांना माझ्या घरी नेईन आणि या डाव्या हाताने कमावून जेवू घालीन.