आजीबाईंचं पोट आणि एक स्पॅनिश शब्द

टाइपबाईंनी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत इंग्रजी टायपिंग केलं. साहेब बदलले, मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, पण बाईंच्या कागदावर स्पेलिंगची चूक सापडली नाही म्हणजे नाही. उलट साहेबांचीच चूक सापडायची. मग बाई मसुदा घेऊन त्यांच्या टेबलाशी उभ्या राहायच्या आणि काही न बोलता पेन्सिलीचं टोक त्या शब्दावर ठेवायच्या. एवढ्यावरच साहेबांना घाम फुटायचा. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी अर्धी कचेरी हळहळली आणि उरलेल्या अर्ध्या कचेरीनं सुटकेचा निःश्वास सोडला.

अशा बाईंनी सहासष्टाव्या वर्षी असा एक शब्द लिहिला, की दोन घरांत गोंधळ उडाला.

घरात आता त्या एकट्याच. एकुलता एक मुलगा जहाजदुरुस्तीच्या कामासाठी समुद्रापलीकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि तिथेच राहिला. तीन वर्षांपूर्वी, गोदीतल्या अपघातात, तिथेच संपला. तेव्हा नातू दोन वर्षांचा होता. आता पाचाचा. बाईंनी त्याला कधी मांडीवर घेतलेलं नाही. बघायचं ते फोनच्या पडद्यावर, दर रविवारी दुपारी, दहा मिनिटं.

सून दवाखान्यात नर्स, तिची रविवारी हटकून ड्युटी. त्यामुळे फोन लावून द्यायच्या त्या विहीणबाई. बाईंना स्पॅनिश येत नव्हतं, विहीणबाईंना शाळेत शिकलेलं तोडकंमोडकं इंग्रजी. आणि पोराला नुसतं स्पॅनिश. सुरुवातीला तो आजीकडे बघून हसायचा, हात हलवायचा. मग हळूहळू कंटाळला. दोन मिनिटांत उठून पळायचा आणि पडद्यावर उरायची एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीकडे बघत बाई उरलेली आठ मिनिटं बसायच्या. फोन ठेवल्यावर जेवण जायचं नाही. माझं रक्त आहे हो ते, आणि मला त्याच्याशी चार शब्द बोलता येऊ नयेत?

शेजारीण म्हणाली, ‘‘अहो, फोनच भाषांतर करून देतो की आता.’’

‘‘नातवाशी मी मशीनच्या तोंडून बोलू?’’ बाई कडाडल्या. ‘‘जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. हे माझं मी लिहीन.’’

आणि वाचनालयातल्या संध्याकाळच्या वर्गात त्यांनी नाव घातलं. शिकवणारे मास्तर पूर्वी मालवाहू जहाजावर भांडारी होते. एका स्पॅनिश बंदरात अकरा वर्षं काढलेली. बाकीचे विद्यार्थी विशीतले, बाई पहिल्या बाकावर. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘इंग्रजी येतं ना? मग निम्मं काम झालं. पण जपून. ‘नो’ हा एक शब्द डोळे मिटून वापरा, तो दोन्हीकडे तोच. बाकी ओळखीचा चेहरा दिसला की आधी चौकशी करा. ‘कार्पेता’ म्हणजे कार्पेट नव्हे, कागदांची फाइल. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेरची वाट नव्हे, यश. ‘रोपा’ म्हणजे रोप नाही आणि दोरही नाही, कपडे. आणि ‘सोपा’ म्हणजे साबण नाही, सूप. सोपं तर त्यात काहीच नाही.’’

पोरं हसली. बाईंनी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. पण मनात म्हणाल्या, हे असे दोन-चार फसवे असतील, बाकी इंग्रजीच तर आहे. ‘इन्फर्मेशन’चं ‘इन्फोर्माथिऑन’ होतं, ‘नेशन’चं ‘नाथिऑन’. शेपूट बदललं की झालं. बाईंचा स्वतःच्या इंग्रजीवर भलताच विश्वास, आणि तोच नडला.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी एक वाक्य तयार केलं. रविवारी मुलाचा लहानपणीचा फोटो पडद्यासमोर धरला, आपल्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘पापा एस्ताबा आकी.’’ बाबा इथे होता.

पोरगं उठायला निघालं होतं, ते परत बसलं. आजीच्या पोटाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा पोटाकडे बघितलं. त्या दिवशी पूर्ण दहा मिनिटं खुर्ची भरलेली होती. बाई दोन दिवस हवेत होत्या.

मग एका शनिवारी विहीणबाईंचा इंग्रजीत मेसेज आला. सॉरी, मी फार कॉन्स्टिपेटेड आहे, उद्या फोन नाही. आणि पुढे म्हणे, मुलाला लागू नये म्हणून त्याला माझ्यापासून लांब ठेवलंय.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बद्धकोष्ठ? आणि ते लागतं? कुणाचं कुणाला? पण रविवार चुकणार याचं दुःख एवढं मोठं, की फार विचार न करता त्या मदतीला धावल्या. बाई माणूस आहे, आपल्याच वयाची आहे, बिचारीनं मन मोकळं केलं. त्यांनी शब्दकोश उघडला आणि स्पॅनिशमध्ये लिहिलं: झोपताना दोन चमचे एरंडेल, वर कोमट पाणी. लाजू नका, आपल्या वयात सगळ्यांना होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तीन प्रश्नचिन्हं. बाकी काही नाही.

बाईंनी आपलाच मेसेज पुन्हा वाचला. अरे देवा, जास्तच बोलले. एवढी खाजगी गोष्ट आणि मी सरळ चमचेच मोजून दिले! विहीण आहे ती, मैत्रीण नव्हे. रागावली असेल. आणि ती रागावली तर फोन कोण लावून देणार? घाईघाईनं माफी लिहायला बसल्या. मला फार ओशाळल्यासारखं झालंय, असं म्हणायचं होतं. इंग्रजीत ‘एम्बॅरस्ड’. जिभेवर तयारच होता, शेपूट बदललं. शब्दकोश बघायचीसुद्धा गरज वाटली नाही. लिहिलं: ‘पेर्दोन. कालच्या मेसेजमुळे मी फार एम्बाराथादा आहे.’

पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचला. आणि मग शुकशुकाट.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रविवार आला आणि फोनच आला नाही. बाईंनी खुर्ची नेहमीच्या जागी ओढली होती, मुलाचा फोटो मांडीवर होता. दहा मिनिटं बसल्या, मग अर्धा तास बसल्या. तो एक धागा होता, तोही मी माझ्या हातानं तोडला, असं त्या भिंतीला म्हणाल्या. त्या दिवशी त्या खूप रडल्या. मुलगा गेल्यानंतर इतक्या पहिल्यांदाच.

बुधवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मास्तरांसमोर फोन धरला. ‘‘बघा हो जरा. काय चुकलं माझं?’’

मास्तरांनी वाचलं. ओठ दाबले. खोकले. मग ‘‘आलोच पाणी पिऊन’’ म्हणत व्हरांड्यात गेले, आणि तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकू आला. परत आले तेव्हा डोळे पुसत होते.

‘‘बाई, आधी विहीणबाईंची चूक. त्यांना सर्दी झाली होती. त्यांच्याकडे सर्दी झालेल्या बाईला ‘कॉन्स्तिपादा’ म्हणतात. त्यांनीही तुमच्यासारखंच शेपूट बदललं. म्हणून तर मुलाला लांब ठेवलं, सर्दी लागते ना!’’

‘‘आणि मी सर्दीवर एरंडेल दिलं.’’

‘‘दिलंत.’’

‘‘आणि दुसरं?’’

मास्तर आता हसेनात. ‘‘ओशाळायला त्यांच्याकडे ‘बेर्ग्वेन्था’ म्हणतात. लाज. ‘एम्बाराथादा’ म्हणजे... बाई, पोटुशी. तुम्ही लिहिलंय, कालच्या मेसेजमुळे मला दिवस गेलेत. फार दिवस गेलेत.’’

बाई बाकावर बसल्या. सहासष्टाव्या वर्षी! आणि तेसुद्धा मेसेजमुळे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोटात हा शब्दसुद्धा त्यांना नकोसा वाटला. बत्तीस वर्षं साहेबांच्या चुकांवर पेन्सिल ठेवली, आणि आता ही. मास्तर म्हणाले, ‘‘अहो, नवशिके सगळे इथेच घसरतात. मी भर जेवणाच्या टेबलावर, कॅप्टनसमोर, मीच पोटुशी असल्याचं सांगितलं होतं.’’ बाईंना हसू आलं नाही. विहीण वेडी समजत असेल, सून म्हणत असेल सासूचं डोकं फिरलं, असंच डोक्यात घोळत राहिलं.

घरी आल्या, चपला काढतात तोच फोन वाजला. विहीणबाईंच्या नंबरावरून आवाजाचा मेसेज. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

आधी विहीणबाईंचं हसणं. खोकल्यात अडकलेलं, नाक चोंदलेलं, पण पोट धरून हसणं. त्या स्पॅनिशमध्ये भराभरा काहीतरी म्हणाल्या. बाईंना ‘सर्दी’ कळलं, ‘ताप’ कळला, ‘आठवडा’ कळला. म्हणजे विहीण अंथरुणावर होती. रागावली नव्हती. मागे सूनही हसत होती. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग हसणं थांबलं. कुणीतरी फोन कुणाच्या तरी तोंडाजवळ धरला. श्वास ऐकू आला. आणि पोराचा आवाज, हळू, अगदी गंभीर:

‘‘आबुएला. एस पापा?’’

आजी. तो बाबा आहे?

बाईंना शब्दकोश लागला नाही. मोठी माणसं हसत होती तेव्हा त्या पोरानं दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या. आजीच्या पोटात बाबा होता. आजीच्या पोटात आता पुन्हा कुणीतरी आहे.

बाई तशाच दारात बसल्या, एक चप्पल पायात. मेसेज पुन्हा लावला. पुन्हा. ‘एस पापा?’ शेवटी प्रश्नाला जरासा उचललेला सूर, हुबेहूब त्याच्या बाबाचा. लहानपणी काहीतरी मागताना त्याचा आवाज असाच वर जायचा.

उत्तर द्यायला हवं होतं. पोर वाट बघत असेल. आणि शब्द तर माहीत होता, पहिल्याच दिवशी शिकवलेला, दोन्हीकडे तोच, कधीच न फसवणारा. एवढासा शब्द. पण तो तोंडून निघेना. एकदा आवाज रेकॉर्ड करायला घेतला, सोडला. दुसऱ्यांदा नुसता श्वास रेकॉर्ड झाला.

तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, ‘‘नो, इखो.’’ आणि मग जमेल तसं, चुकत, अडखळत: बाबा येणार नाही. पण आजी आहे. रविवारी आजी बाबाच्या गोष्टी सांगेल. तू खुर्चीवर बस.

पाठवून झाल्यावर लक्षात आलं. नातवाला म्हणतात ‘निएतो’. ‘इखो’ म्हणजे मुलगा, आपल्या पोटचा. वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिलेले होते.

मेसेज पुसता आला असता. बाईंनी त्यावर बोटही ठेवलं. मग बोट उचललं, आणि तो शब्द तसाच राहू दिला.