मंगलच्या भाताचं पाणी

मंगलचं नाव काढलं की मला अजून स्वस्थ बसवत नाही. वीस वर्षं घोडेगावात अकरावी-बारावीला गृहविज्ञान शिकवतेय, पण प्रात्यक्षिक परीक्षेत माझा जीव असा टांगणीला एकदाच लागला.

मंगल तळेघरच्या वरच्या वाडीची. अंगणवाडीत मदतनीस, पदरी दोन पोरं. तिथली सेविका निवृत्त होणार होती, आणि मंगल बारावी झाली तर ती जागा तिला मिळणार होती. तेवढ्यासाठी तिनं बाहेरून फॉर्म भरला. एसटी चुकली की खाली फाट्यापर्यंत चालत यायची आणि प्रात्यक्षिकांच्या तासाला वर्गात सगळ्यात पुढं बसायची. मी तापट बाई, पोरींवर खेकसते. ही मात्र हसून म्हणायची, "वरडा म्याडम, तेवढंच ध्यानात राहतं."

पण एका गोष्टीत तिचा हात ऐकेना, ती म्हणजे भात. डोंगरात भात वेळतात. भरपूर पाण्यात शिजवायचा आणि वरचं पाणी काढायचं. मी घसा फोडून सांगायचे, अगं, ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, पाणी काढलंस की तीही गेली. तांदूळसुद्धा चोळून चोळून धुवायचा नाही. बेतानं पाणी घालून भातात आटवायचं. ती मान डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी हात पुन्हा झाकण तिरकं करायला जायचा. मी कपाळाला हात लावायचे.

परीक्षेच्या दिवशी आळ्याहून परीक्षक आल्या, वृषाली मॅडम, चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. मंगलला प्रश्न आला, गरोदर बाईचं जेवण, जीवनसत्त्वं टिकवून. मी खिडकीशी उभी राहून बघत होते. मेथी आधी धुतली, मग चिरली. शाब्बास. थोड्याच पाण्यात, झाकण ठेवून. वा! मोडाच्या मटकीच्या आमटीत सोडा नाही, कारण सोड्यानं ब-एक जातं. लिंबू कापून बाजूला ठेवलेलं, खाली उतरवल्यावर पिळायला, कारण क जीवनसत्त्वाला उष्णता सोसत नाही. मला नाचावंसं वाटत होतं. आणि तेवढ्यात या बाईनं भात वेळला!

घाबरलेला हात, दुसरं काय. सगळं पाणी पातेल्यात काढून तिनं ते मोरीच्या कडेला ठेवलं. ओट्याच्या स्वच्छतेला वेगळे गुण, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या शिपाई लंकाबाई लगबगीनं भांडी उचलत होत्या. बिचारीनं चांगल्या मनानंच ते पातेलं मोरीवर तिरकं धरलं.

"वतू नका!"

अख्खी प्रयोगशाळा थांबली. मंगलनं झेप घेऊन पातेलं ओढलं, अर्धं तिच्या साडीवर सांडलं. परीक्षेत ओरडली म्हणून आता हिला बाहेर काढतात की काय, म्हणून मी खिडकीपासून पुढं झाले.

वृषाली मॅडम शांतपणे आल्या. काय झालं, विचारलं. मंगल सरळ बोलली. भात वेळला ही चूक झाली, गुण कापा. पण ब गटातलं बरंच या पाण्यात उतरलंय, ते आमटीत घालते. "जे आचेनं मेलं ते नाय परत येत. पाण्यात गेलंय ते येतं." आणि उरलेलं पाणी तिनं त्यांच्यासमोर आमटीत घातलं.

"घरी हे पाणी कुठं ओतता?" मॅडमनी विचारलं.

"घरी कोण वतील? पेज हाय ती. बाळंतिणीला देतो, राहिली तर पोरं भांडत्यात."

"मग इथं मोरीपाशी कसं ठेवलंत?"

मंगल गोंधळली. मग हळूच म्हणाली, "इथं सगळ्याच मोरीत वतत्यात, म्हून."

माझेच कान लाल झाले. पाणी काढू नका, हे मी हजारदा सांगितलं होतं. काढलंच तर त्याचं काय करायचं, हे कधी नाही. वृषाली मॅडमनी आमटी चाखली, वाटी पुन्हा पुढं केली आणि कागदावर लिहीत गेल्या. गुण नंतर कळले. भाताचे कापले होते, बाकीचे भरभरून होते.

निकाल लागला, मंगल पास! मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, स्वतःची पोरगी पास झाल्यासारखी. पुढं जागेचं मात्र भिजत घोंगडं पडलं. ती दर आठवड्याला फोन करायची, मी दर आठवड्याला चिडायचे.

गेल्या सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मागं पोरांचा कालवा. "म्याडम, ऑर्डर आली. मी सेविका झाले. आज पहिला दिवस, नवी मदतनीस भात—"

एवढं बोलली आणि फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, पण अगदी स्पष्ट, मंगलच ओरडली, "ए बाय, वतू नको ते!"


मी भर स्टाफरूममध्ये उभी राहून टाळ्या वाजवल्या.