सोडून गेलेल्यांची यादी

निवृत्त माणसाने बायकोच्या कामात लुडबुड करू नये, असं आमच्या घरी ठरलं होतं. ठरवलं तिने, मी त्या बैठकीला फक्त हजर होतो. ती आहारतज्ज्ञ आहे. धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत आणि साखरेचे पेशंट तिच्याकडे पार गडचिरोलीहून येतात. एवढ्या लांबून येणाऱ्याला रोज थोडं थोडं सांगता यावं म्हणून तिने इन्स्टाग्रामवर पान उघडलं. भाकर किती, भात कधी, लग्नाच्या पंगतीत काय घ्यायचं, असलं साधं सगळं तिथे असायचं.

मग एक दिवस मी फ्रिजसमोर संत्रा बर्फीचा डबा घेऊन सापडलो. साखर मलाही आहे. तिने मोबाईल चालू ठेवूनच माझी उलटतपासणी घेतली आणि मी तोंडात बर्फी असताना बर्फी खाल्ली नाही असं सांगितलं. तो व्हिडिओ इतका चालला की दर शुक्रवारी माझी एक चोरी पानावर जायला लागली. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत अनोळखी पोरी मला विचारायच्या, काका, आज काय हाणलं? मी हसायचो. प्रसिद्धी कुणाला नको असते, असं मीच सगळ्यांना सांगायचो.

पानावरची माणसं वाढत होती, तरी बायको खुश नव्हती. तिचा तीन महिन्यांचा आहाराचा कार्यक्रम असतो. त्यात लोक दर आठवड्याला आपली साखर तिला कळवतात आणि तीन महिने झाले की बहुतेक जण पुन्हा नाव घालतात. ते आता घालेनासे झाले होते. काहींनी तर मधेच कळवणं सोडलं. एका संध्याकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, माझे पेशंट मला सोडून चाललेत आणि मला कळतसुद्धा नाही का ते. तिचे डोळे भरले होते. औषध सोडलेल्या, पथ्य सोडलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते तिने फार जवळून पाहिलंय. सोडणारे आधी पानच सोडत असणार, असा तर्क करून तेव्हा मी लुडबुड करायचं ठरवलं.

मी आयुष्यभर कचेरीत हजेरीपटच सांभाळला. कोण आलं, कोण गेलं, कोण न सांगता गेलं, हे शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण इन्स्टाग्राम आमच्या साहेबांपेक्षा आतल्या गाठीचं निघालं. कोणत्या दिवशी किती जण आले आणि किती गेले एवढं ते सांगतं, कोण गेलं ते सांगत नाही. मात्र पानाची पूर्ण यादी मागितली तर देतं. मी दर शुक्रवारी सकाळी आणि दर रविवारी ती उतरवून घ्यायचो, एक्सेलमध्ये आधीच्या यादीशेजारी लावायचो आणि जुन्या यादीत असलेली पण नव्यात नसलेली नावं काढायचो.

पहिल्याच रविवारी गुन्हेगार सापडला. माझी सख्खी मेहुणी! बहिणीचंच पान सोडते म्हणजे काय, असं म्हणत मी दोन दिवस तिचे फोन घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं की तिने आपल्या खात्याचं नाव बदललं होतं. जुनं नाव गेलेल्यांत आणि नवं नाव आलेल्यांत, दोन्हीकडे तीच. बायकोला हसायला आठवडाभर पुरलं. त्यानंतर मी कुणावरही ठपका ठेवण्याआधी खातं बंद झालंय की नाव बदललंय ते बघायला लागलो.

महिनाभराने मी अहवाल सादर केला. सगळ्यात जास्त माणसं सणाच्या शुभेच्छांनंतर गेली होती, सबब शुभेच्छा बंद कराव्यात. बायकोने यादी वाचली. त्यात दोन साड्यांची दुकानं होती, एक प्लॉट विकणारा होता आणि बाकी कुणाचे कोण ते देवाला माहीत.

"हे गेले तं काय बिघडलं?" ती म्हणाली. "माहे लोक कोणते गेले ते सांगा ना."

मुद्दा बरोबर होता, म्हणून मला राग आला. पण कामाला लागलो. जो तिच्याकडे येऊन गेलाय किंवा ज्याने निरोप पाठवून स्वतःच्या खाण्याबद्दल काही विचारलंय, तो तिचा माणूस, असं ठरलं. जुन्या कचेरीच्या पद्धतीने मी नाव पुकारायचो आणि ती तिच्या वहीत बघून कागदावर लाल खूण करायची. दोन दुपारी त्यात गेल्या. मग मी लाल खुणेची नावं आणि त्या त्या दिवसांत काय टाकलं होतं ते समोरासमोर मांडलं.

शुभेच्छांनी गेलेल्यांत लाल खूण जवळपास नव्हतीच. माझ्या व्हिडिओनंतर नवी माणसं भरपूर यायची, जाणारी मोजकी असायची, म्हणून मी तिकडे पाहिलंच नव्हतं. पण त्या मोजक्यांत बहुतेक सगळे लाल. शुक्रवारी माझी चोरी आणि रविवारपर्यंत तिचे चार-पाच जण गायब. कार्यक्रम अर्धवट सोडलेलेही त्यांच्यातच निघाले.

तिला पटेना. योगायोग असेल म्हणाली. म्हणून दोन शुक्रवार मला सुट्टी दिली आणि फक्त भाकर नि चालणं यावर टाकलं. लाल खुणेचं एकच माणूस गेलं. तिसऱ्या शुक्रवारी मी पुन्हा गुलाबजाम खाताना पकडला गेलो आणि रविवारी पाच लाल नावं कमी झाली.

मी म्हटलं, माझं तोंडच लोकांना आवडत नसेल. ते मी गमतीत म्हटलं, पण थोडं खरंही वाटत होतं. यादी फार तर कोण गेलं आणि कधी गेलं ते सांगते, का गेलं ते माणसालाच विचारावं लागतं, असं म्हणून तिने त्या पाचांतल्या भिवापूरच्या एका निवृत्त मास्तरांना फोन लावला. दोन वर्षं न चुकता साखर कळवणारे मास्तर. तिने स्पीकर चालू केला. आधी ते तब्येतीचं, मिरचीच्या तोडणीचं बोलत राहिले. मग म्हणाले, "म्याडम, राग नका मानू. शुक्रवारी घरचे सारे मिळून तुमचा व्हिडिओ पाहतेत अन् माह्याकडं पाहून हासतेत. तुमच्या साहेबाच्या जागी मलेच पाहून राहिले ना ते. आता साखर वाढली तरी सांगाची लाज वाटते."

तिने त्यांची माफी मागितली, पुढच्या बुधवारी या म्हणाली आणि फोन ठेवला. लाल खुणांचा कागद तिने पुन्हा पुढे ओढला. मला वाटलं, आता पुढच्या आठवड्यात काय टाकायचं ते विचारेल.

"तुमाले बी असंच वाटत होतं काय?" तिने विचारलं.

मी काहीतरी विनोद शोधत होतो. सापडला नाही. मग खरं तेच सांगितलं. बर्फीच्या त्या दिवसापासून मला वाटत होतं. सकाळची साखर मी घरच्या मशीनवर बघत होतो आणि जास्त आली की तिला कमी करून सांगत होतो.

"मंग बोलले काहून नाही?"

"ते लोक पान सोडून गेले," मी म्हणालो. "मी कुठं जाऊ वं, मी तं घरातच राहतो."

ती उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि मोबाईलवर माझे व्हिडिओ एकेक करून पानावरून काढायला लागली. शेवटी संत्रा बर्फीचा राहिला. तिच्या पानावर आजवर सगळ्यात जास्त पाहिला गेलेला तोच. तो राहू दे, मी म्हटलं, त्यात मी चांगला हसतोय.

तिने तो लावला, आवाज बंद ठेवून शेवटपर्यंत पाहिला.

"हासून नाही राहिले तुम्ही," ती म्हणाली, आणि तोही काढून टाकला.