एका शून्याची गोष्ट

कॉलेजात त्यांना सगळे युनिटबाई म्हणत. समोर नाही, मागे. पण त्यांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात त्यांची पंचवीसेक वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत एककाशिवाय उत्तर लिहिलेल्या कुणाला त्यांनी पूर्ण मार्क दिल्याचं कुणी सांगत नसे.

वर्गात त्या एखाद्याला उभं करून विचारायच्या, "उत्तर पाच. पाच काय? मीटर, सेकंद, की बटाटे?" पोरं हसायची. पण गणित फळ्यावर मांडताना त्यांचा हात कधी घाई करत नसे. आधी दिलेल्या राशी एकाखाली एक. मग सगळी एककं एकाच पद्धतीत आणायची. मगच सूत्र. आकडे शेवटी. "ताशी चोपन्न किलोमीटर तसंच सूत्रात कोंबलं, तर गाडी कुठल्या कुठे जाईल," असं म्हणत त्या चोपन्नाला तीन पूर्णांक सहा दशांशाने भागायच्या, सेकंदाला पंधरा मीटर लिहायच्या आणि खडू खाली ठेवायच्या.

एकदा एक आई भांडायला आली होती. मुलाचं उत्तर बरोबर असताना मार्क का कापला, असं तिचं म्हणणं. युनिटबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, पण मार्क दिला नाही. घरी नवरा म्हणाला, तू जरा जास्तच ताणतेस. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, दिवसभर लोकांशी गोड बोलायची सवय. त्या म्हणाल्या, ताणत नाही, जेवढं आहे तेवढंच मोजते.

अशा बाईला त्या वर्षी बोर्डाच्या पेपर तपासणीत मुख्य मॉडरेटर म्हणून, परीक्षकांची तपासणी पडताळायला, नेमलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. आदर्श उत्तरसूचीही त्यांनीच तयार केली होती. छपाईआधी प्रश्नपत्रिकेचं शेवटचं प्रूफ वाचून त्यावर सहीही त्यांनीच केली होती.

तपासणी एका शाळेच्या मोठ्या सभागृहात चालायची. लांब टेबलं, प्रत्येकावर चार परीक्षक, मध्ये कापडात बांधलेले गठ्ठे. परीक्षकांचे पेन लाल, मॉडरेटरचा हिरवा. मोबाईल दाराशी जमा. पंखे फिरायचे आणि कागद उडू नयेत म्हणून जो तो काहीतरी वर ठेवायचा. कुणी डबा, कुणी चष्म्याचं घर, कुणी नुसता कोपर.

पहिल्या दिवशीच्या बैठकीत दुसऱ्या टेबलावरच्या एक बाई उभ्या राहिल्या. लहान गावातल्या शाळेच्या, वयाने तरुण, आवाज बारीक. तारेच्या गणिताबद्दल काही विचारायचंय, म्हणाल्या. युनिटबाईंना त्या दिवशी अजून पंधरा मुद्दे उरकायचे होते. "सूची समोर आहे ना? तिच्याप्रमाणे तपासा," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. त्या तरुण बाई खाली बसल्या.

तपासणी जवळजवळ संपत आली होती. बरेचसे गठ्ठे सील होऊन शेजारच्या खोलीत गेले होते. दुपारचं जेवण उरकून युनिटबाई दुसऱ्या टेबलाचा एक गठ्ठा पडताळायला बसल्या. कुणाचीतरी स्वच्छ, उभट अक्षरांची उत्तरपत्रिका हाताला लागली.

तारेचं गणित असं होतं: दोन पूर्णांक पन्नास शतांश मीटर लांबीच्या तारेला ४.२० किलोग्रॅम वस्तुमान टांगलं आहे. छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये दिलं आहे, यंगचा गुणांक २.०० × १०¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर, g ची किंमत ९.८०. तार किती लांबेल? उत्तर मिलिमीटरमध्ये आणि योग्य सार्थ अंकांत द्या. मार्क तीन, त्यातला शेवटचा एक फक्त सार्थ अंक, म्हणजे मापात खात्रीचे असलेले अंक, आणि एकक यांच्यासाठी.

मुलाने सगळं नीट केलं होतं. बल ४१.१६ न्यूटन. एक मिलिमीटर म्हणजे १०⁻³ मीटर, म्हणून एक चौरस मिलिमीटर म्हणजे १०⁻⁶ चौरस मीटर. इथेच अर्धा वर्ग घसरतो, पण हा घसरला नव्हता. लांबीतली वाढ ६.४३१२५ × १०⁻⁴ मीटर. आणि खाली चौकटीत: ०.६४ मिमी.

लाल पेनाने शेवटचा मार्क कापला होता. सूचीत उत्तर होतं ०.६४३ मिमी.

बरोबर कापला, असं मनाशी म्हणत युनिटबाई पान उलटणार, एवढ्यात चौकटीखालची बारीक ओळ दिसली. 'क्षेत्रफळात दोनच सार्थ अंक आहेत, म्हणून उत्तरात दोनच.'

त्या थांबल्या. क्षेत्रफळात तीन आहेत, त्यांना पक्कं आठवत होतं. ०.८०० चौरस मिलिमीटर. गणित त्यांच्या हाताखालून गेलं होतं. तरी त्यांनी छापील प्रश्नपत्रिका ओढली.

०.८० असं छापलं होतं.

शेवटचं शून्य नव्हतं. छापखान्यात गळलं की टायपिंगला, देव जाणे. प्रूफवर मात्र त्यांची सही होती. डोळ्यांनी जे वाचायला हवं होतं, ते डोक्याने आधीच वाचून टाकलं होतं.

आकडेमोडीला त्या शून्याने काही फरक पडत नव्हता. ०.८० आणि ०.८०० कॅल्क्युलेटरला सारखेच. पण शेवटचं शून्य म्हणजे मोजणाऱ्याने इथवर मोजलंय ही ग्वाही. ते नसेल तर क्षेत्रफळ दोनच अंकांपर्यंत खात्रीचं, आणि गुणाकार-भागाकारात ज्या राशीत सगळ्यात कमी सार्थ अंक, तेवढेच उत्तरात. वर्गात त्यांनी हे शेकडो वेळा सांगितलं होतं. छापलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ०.६४ मिमी. म्हणजे ज्यांनी नीट वाचलं त्यांचा मार्क गेला, आणि ज्यांनी सवयीने तीन अंक ठोकले त्यांना मिळाला.

हिरवा पेन हातात तसाच राहिला. त्यांनी आणखी एक पेपर काढला, मग आणखी एक. दोन ठिकाणी ०.६४ आणि कापलेला मार्क. सील झालेल्या गठ्ठ्यांत असे किती असतील, याचा विचार त्यांनी मध्येच थांबवला.

केंद्रप्रमुख शेजारच्या खोलीत होते. केमिस्ट्रीचे माणूस, स्वभावाने चांगले, पण वरच्यांच्या फोनला घाबरणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग दार लावून घेतलं.

"बाई, गठ्ठे सील झालेत," ते हळू आवाजात म्हणाले. "निकालाची तारीख जाहीर झालीय. एका शून्यासाठी सगळं परत उघडायचं?"

"शून्य माझं आहे. उघडायला सांगा."

केंद्रप्रमुखांनी मग मधला मार्ग काढला. दोन्ही उत्तरांना पूर्ण मार्क देऊन टाकू. सूचीत एक ओळ वाढवायची, कापलेले तेवढे परत द्यायचे. कुणाचं नुकसान नाही, कुणी ओरडणार नाही, आणि तुमचंही नाव कुठे येणार नाही.

युनिटबाईंना क्षणभर ते पटलं. खरंच पटलं. पाय मोकळे झाल्यासारखे वाटले. मग प्रश्नातली ती चार शब्दांची अट आठवली: योग्य सार्थ अंकांत द्या. दोन्ही योग्य असतील तर मार्क ठेवलाच कशाला? दोन अंक लिहिणाऱ्याने विचार केला होता. त्याला आपण सांगणार की विचार केला काय, न केला काय, सारखंच.

"नाही," त्या म्हणाल्या. "छापलेल्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. पण हे मी एकटीने ठरवायचं नाही, आणि तुम्हीही नाही. विषय समितीला फोन लावा. मी बोलते."

"तुमच्या सहीचं निघेल."

"निघणारच."

फोन लागला. पलीकडचे अध्यक्ष आधी वैतागले, मग त्यांनी प्रश्नपत्रिका मागवून घेतली. मग बराच वेळ नुसता कागदांचा आवाज. युनिटबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रूफ कुणी पाहिलं, असं अध्यक्षांनी विचारलं. मी पाहिलं, त्या म्हणाल्या. शेवटी निर्णय आला: ०.६४ ला पूर्ण मार्क, ०.६४३ चा शेवटचा मार्क जाईल, सगळे गठ्ठे पुन्हा तपासायचे, आणि झालेल्या चुकीबद्दलचा लेखी खुलासा त्याच दिवशी पाठवायचा.

आता सभागृहात सांगायचं होतं. फोनपेक्षा ते जड गेलं. लोक घरी जायची आवराआवर करत होते. त्यांनी फळ्यावर प्रश्नातला आकडा लिहिला, खाली सूचीतला, आणि काय झालं ते सरळ सांगितलं. कुणीतरी पेन टेबलावर आपटला. कुणी म्हणालं, आता अजून दोन दिवस. मग त्या दुसऱ्या टेबलाकडे वळल्या.

"पहिल्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात, तेव्हा हेच विचारायचं होतं का?"

त्या तरुण बाईंनी होकाराची मान हलवली.

"मी ऐकायला हवं होतं."

त्या बाईंनी पहिला गठ्ठा उचलला, गाठ सोडली आणि पानं उलटायला सुरुवात केली. हळूहळू बाकीचेही बसले.

ते दोन दिवस युनिटबाई जेवल्या की नाही, नवऱ्याला कळलं नाही. डबा मात्र तसाच परत यायचा. निकाल थोडा उशिरा लागला, पण लागला. बोर्डाने कारण सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्यांना मॉडरेटरचं पत्र आलं नाही, आणि त्यांनीही चौकशी केली नाही.

निकालानंतर त्यांच्याच कॉलेजची एक मुलगी उत्तरपत्रिकेची प्रत काढून त्यांच्याकडे आली. बरोबर वडील होते. मुलीने ०.६४३ लिहिलं होतं. लाल मार्कावर हिरवी रेघ मारलेली होती, आणि नेमक्या त्या एका मार्काने तिचा हव्या त्या कॉलेजातला प्रवेश हुकला होता. वडील तावातावाने बोलायला लागले. आधी दिलेला मार्क काढून घेतात, हा कुठला न्याय?

युनिटबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग वही ओढून मुलीसमोर गणित मांडलं, शून्य कसं गळलं तेही सांगितलं, आणि ते आपल्याच हातून सुटलं हेही. मुलगी हुशार होती. अर्ध्यातच तिला उमगलं. तिने पेन घेऊन ०.८० खाली स्वतःच रेघ ओढली.

"म्हणजे दोनच अंक," ती म्हणाली.

"हो."

"पण ०.८०० छापलं असतं, तर माझं बरोबर होतं."

"बरोबर होतं."

मुलीचे डोळे भरून आले. सांत्वनाचे चार शब्द युनिटबाईंच्या ओठांवर आले, पण त्यांतला एकही खरा नव्हता.

"मग माझा मार्क गेलाच ना, बाई?"

"हो," त्या म्हणाल्या. "गेला."

त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास मुलीकडे सरकवला. ती पाणी पिऊन होईपर्यंत तिघंही तसेच बसून राहिले.