विसावं पद

डेमो लेक्चर ज्याने दिलंय त्यालाच त्याची धाकधूक कळते. समोर दहावीची बॅच, शेवटच्या बाकावर क्लासचे मालक सर, आणि फळ्यापाशी तुम्ही एकटे. सॉफ्टवेअर कंपनीने मला घरी बसवलं त्याला बरेच महिने झाले होते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या या क्लासला गणिताला कुणीतरी हवंय असं कळलं, तेव्हाच मी आईला सांगून टाकलं होतं, "नोकरी मिळालीच समज." माझ्या जिभेला हाड नाही, काय करणार.

विषय होता श्रेढी. मी फळ्यावर ७, ११, १५, १९ लिहिलं आणि म्हटलं, विसावं पद काढूया. पुस्तकातलं सूत्र साधं आहे: पहिल्या पदात चार मिळवत जायचे, विसातून एक वजा करून जितके येतील तितक्या वेळा. पोरं नेमका तो वजा एक विसरतात. मला वाटलं, आपण काहीतरी भारी दाखवू.

"तो वजा एक गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "पहिल्या पदाला शून्यावं म्हणा. कंपनीत आम्ही असंच मोजायचो. मग सूत्र सरळ, सात अधिक n गुणिले चार."

पोरं खूश. मी n च्या जागी वीस टाकले, ८७ लिहिलं आणि खाली ऐटीत दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, त्र्याऐंशी येतंय. मी सगळी पदं लिहून काढली."

"मोजताना चुकली असशील. बस खाली."

ती बसली नाही. "मॅडम, तुमच्या सूत्रात n च्या जागी एक टाका ना. अकरा येतात. पण पहिलं पद तर सात आहे."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि माझं डोकंच फिरलं. "शहाणपणा घरी दाखवायचा! बस म्हटलं ना?"

ती बसली. तिचे कान लालबुंद झाले होते. मी फळ्याकडे वळले आणि तिथेच मला घाम फुटला. अगं बाई! पहिल्याला शून्यावं म्हटलं, तर दुसरं एकावं होतं, तिसरं दोनावं, आणि विसावं होतं एकोणिसावं. माझ्या सूत्रात एकोणीस टाकायला हवे होते. पहिलं मोजलं कंपनीच्या पद्धतीने आणि विसावं मोजलं घरच्या पद्धतीने. म्हणून मी एक घर पुढे गेले होते. ८७ हे एकविसावं पद होतं. वजा एक खड्ड्यात गेला नव्हता, मीच गेले होते.

तेवढ्यात मागून सर उठले.

"शाब्बास!" ते वर्गाला म्हणाले. "मॅडमनी मुद्दाम चूक केली होती, तुमचं लक्ष आहे का बघायला. उल्हासनगरहून बदलापूरला जायचं तर स्टेशनं तीन, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. पण पल्ले किती? दोन. म्हणून वजा एक. टाळ्या वाजवा मॅडमसाठी."

टाळ्या वाजल्या. मी हसले. हो, हसले, आणि वर मानही डोलावली. लाज अशी वाटत होती की जमिनीने पोटात घ्यावं, पण तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं तर नोकरी जाईल अशी भीती होती. बाहेर पडताना सर म्हणाले, "सोमवारपासून या." चुकीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खाली अंबरनाथच्या शेअर रिक्षासाठी उभी राहिले, तर तीच मुलगी तिथे. तिला शिवमंदिराकडे जायचं होतं. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"मॅडम, काय ॲक्टिंग केलीत! मला खरंच वाटलं तुम्ही चिडलात. मला तर रडूच येत होतं. मग म्हटलं, अरे, हे पण मुद्दामच असणार."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं तिला ओरडले आणि ती माझंच कौतुक करत होती. आता गप्प बसणं जमेना.

"ॲक्टिंग नव्हती गं," मी म्हटलं. "मी खरंच चुकले. आणि तुझ्यावर खरंच चिडले. तुझं बरोबर होतं."

"म्हणजे सर खोटं बोलले?"

"माझी लाज राखायला बोलले."

"आणि तुम्ही टाळ्या घेतल्या?"

"घेतल्या," मी म्हटलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता. रिक्षा येऊन थांबली. मागे दोन बायका आधीच होत्या, एकच जागा उरली होती. ती पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली आणि मागच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "बसा, मॅडम."